बंद करायचं बटण कुणाकडे? आमच्या शाळेचं पोस्टिंगचं धोरण कसं झालं

सोलापुरातल्या एका अनुदानित शाळेत मी कॉम्प्युटर शिकवते, आणि कॉम्प्युटरवाल्या मॅडम म्हणून शाळेचं फेसबुक पेज, इन्स्टा आणि ऑफिसच्या मोबाईलवरचं व्हॉट्सॅप बिझनेस हेही माझ्याच गळ्यात. शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढे जे सांगणारे त्यात चुका आमच्याच आहेत, पण नाव आलं की लोक चूक सोडून शाळेवर बोलतात.

गोष्ट सुरू होते सप्टेंबर २०२५ मध्ये. सीना नदीला पूर आला होता, जिल्ह्यात ठिकठिकाणी शेतं पाण्यात, गावंच्या गावं अडकलेली. आमच्याकडे नदीकाठच्या गावांतनं एसटीने आणि वडापने येणारी बरीच मुलं आहेत. नवरात्र नुकतंच बसलेलं. संध्याकाळी सुट्टीचा आदेश आला, वर्गशिक्षकांनी आपापल्या ग्रुपवर टाकला, आणि मी पण जरा निवांत झाले, म्हटलं चला काम झालं. रात्री ८ वाजता शाळेच्या पेजवर रंगीबेरंगी पोस्ट पडली, "चला मुलींनो, उद्या हादगा! पारंपरिक वेशात या, खिरापत आणायला विसरू नका." खाली नाचणारी टिपरी आणि फुलं.

पहिली कमेंट एका वडिलांची होती, "मॅडम आमच्या घरात गुडघ्याएवढं पाणी आहे, खिरापत कशात आणायची?"

मी धावत फेसबुक-इन्स्टाच्या पोस्ट जिथून सांभाळतात ते मेटा बिझनेस सूट उघडलं, त्यातला पोस्ट आधी लावून ठेवायचा प्लॅनर बघितला, तर तो रिकामा. शेड्यूल केलेलं एकही दिसेना. मग ही पोस्ट गेली कुठनं? ती मी हाताने उडवली, तर ९ वाजता दुसरी पडली, हादग्याच्या गाण्यांची. तेव्हा कुठे आठवलं, की दोन वर्षांपूर्वी आमच्याच एका माजी विद्यार्थ्याने हौसेने एक बाहेरचं शेड्यूलिंगचं टूल जोडून दिलं होतं, आणि सांस्कृतिक विभागाच्या बाईंनी आठवडाभर आधी सगळा हादगा त्यात भरून ठेवलेला. अशा टूलमधली रांग त्या टूलमध्येच असते, वेळ झाली की ते पेजवर ढकलतं, तोपर्यंत मेटाच्या प्लॅनरला पत्ताच नसतो. लॉगिन त्या मुलाच्या स्वतःच्या जीमेलवर. मुलगा पुण्याला नोकरीला, फोन बंद. पासवर्ड बाईंकडे होता पण नव्या मोबाईलवरून उघडताना ओटीपी मागत होता, आणि तो जात होता पुण्याला.

शेवटी पेजच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या टूलची परवानगीच काढली. ते करायला पेजचा पूर्ण ताबा लागतो आणि तो माझ्याकडे नव्हता, मुख्याध्यापकांकडे होता, आणि सर तेव्हा स्वतःच्या गावी पाण्यात अडकलेल्या भावाला काढायच्या गडबडीत. रात्री पावणेअकराला त्यांच्या मुलीने त्यांच्या मोबाईलवरनं केलं, मी फोनवर एक एक बटण सांगत गेले. तोपर्यंत तीन पोस्ट गेल्या होत्या.

सकाळी गेटवर तीन मुली आणि एक आजोबा उभे. मुली परकर पोलक्यात. आजोबांनी मोबाईल पुढे केला आणि म्हणाले, "मी विचारलो की वो रात्री, शाळा हाय म्हणून तुमच्याकडनंच उत्तर आलंय." बघितलं तर खरंच. त्यांनी ऑफिसच्या नंबरवर लिहिलेलं, "उद्या शाळा आहे का?" आणि त्याच मिनिटाला आमचं उत्तर, "नमस्कार! शाळेशी संपर्क केल्याबद्दल धन्यवाद. शाळा सोमवार ते शनिवार सकाळी १०.३० वाजता भरते."

आता हे कुणी बसून लिहिलं नव्हतं. व्हॉट्सॅप बिझनेसमध्ये ग्रीटिंग मेसेज म्हणून सोय असते, तो आपोआप जातो, समोरच्याने काय विचारलंय ते तो वाचत नाही. पण ज्याने प्रश्न विचारलाय त्याला ते आपल्या प्रश्नाचं उत्तरच वाटणार ना. आणि गंमत अशी की त्या रात्री साठेक पालकांनी विचारलं, त्यातल्या काहींना हा मेसेज गेला, काहींना नाही. क्लार्क मामांचं मत पडलं नेट गेलं असणार. तसं नव्हतं. ग्रीटिंग जातो तो पहिल्यांदा मेसेज करणाऱ्याला, किंवा ज्याचं आपल्याशी १४ दिवस काहीच बोलणं झालेलं नाही त्याला. म्हणजे रोज कटकट करणारे पालक वाचले, आणि जे कधी त्रास देत नाहीत, नदीकाठचे, शांत, तेच फसले. हे मला फार लागलं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर सर म्हणाले, एक धोरण लिहा, काय आपोआप जाईल आणि कोण मंजुरी देईल. मी पहिला कच्चा मसुदा एका रविवारी केला आणि तो अगदी टुकार होता, चार पानं, "जबाबदारीने वापर करावा" छाप वाक्यं. पर्यवेक्षक मॅडमनी वाचून एकच विचारलं, "हे असतं तर त्या रात्री काय वेगळं झालं असतं?" काहीच नाही. कागद फाडला.

मग उलटीकडून सुरुवात केली. आधी नुसती यादी, की आत्ता शाळेच्या नावाने आपोआप काय काय जातंय. वाटलं होतं चार गोष्टी निघतील, निघाल्या अकरा. प्रत्येकीपुढे लिहिलं ती कुठल्या खात्यावर चालते, ओटीपी कुणाच्या मोबाईलवर येतो, आणि बंद कुठून होते. अकरापैकी पाच गोष्टी अशा माणसांच्या खात्यावर होत्या जी शाळेत आता नाहीतच. तुमच्या शाळेत पण पेज असेल तर फक्त ही यादी करून बघा, बाकी धोरण राहू दे.

या यादीतच वाढदिवस सापडला. त्याच माजी विद्यार्थ्याची करामत. एका गूगल शीटमध्ये मुलांची नावं, वर्ग, जन्मतारीख, फोटोची लिंक. रोज सकाळी ७ वाजता आजची तारीख जुळली की कार्ड आपोआप तयार होऊन फेसबुकवर. पालकांना आवडायचं, लाईक भरपूर, मलाही आवडायचं खरं सांगायचं तर. पण यादीत लिहायला बसले आणि हात थांबला, की हे म्हणजे आपण रोज एका अल्पवयीन मुलाचं पूर्ण नाव, चेहरा, वर्ग, जन्मतारीख आणि तो दिवसभर कुठल्या इमारतीत सापडेल हे सगळं अख्ख्या जगाला सांगतोय, आणि त्याआधी कुणी एक माणूससुद्धा ते डोळ्यांखालून घालत नाही.

स्टाफ मीटिंगमध्ये हे मांडलं तर निम्म्यांना अति वाटलं. "अहो वाढदिवसच आहे की." तेव्हा सहावीच्या वर्गशिक्षिका हळूच म्हणाल्या, की त्यांच्या वर्गातल्या एका मुलीची आई मागच्या वर्षी येऊन गेली होती. नवऱ्याचा त्रास, जिल्हा सोडून इकडे भावाकडे आलेली, आणि विनंती एवढीच की मुलीचा फोटो कुठे टाकू नका, आम्ही कुठे आहोत ते त्याला कळायला नको. बाईंनी वर्गाच्या ग्रुपवर काळजी घेतली, पण त्या शीटचं त्यांना माहीतच नव्हतं. मीटिंगमध्येच शीट उघडली. त्या मुलीचा वाढदिवस फेब्रुवारीत होता. मागचा कसा हुकला तर ती वर्षाच्या मध्येच आली आणि तिचं नाव शीटमध्ये भरलं गेलं जूनमध्ये. नुसत्या नशिबाने.

त्यानंतर कुणी वाद घातला नाही. शीट त्याच संध्याकाळी बंद केली. आता वाढदिवस वर्गातल्या फळ्यावर, कोपऱ्यात, रंगीत खडूने, आणि मुलं ते लिहायला भांडतात.

कायद्याचं पण बघितलं थोडं. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या सगळ्यांना बालक धरतो आणि त्यांची माहिती वापरायला आईवडिलांची खात्रीलायक संमती लागते म्हणतो, शिवाय दिलेली संमती मागे घेणं हे देण्याइतकंच सोपं पाहिजे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि बरीचशी बंधनं टप्प्याटप्प्याने लागू होणारेत. आमच्या प्रवेश अर्जात होती एक ओळ, "छायाचित्रे वापरण्यास हरकत नाही", खाली सही. बाकी वीस गोष्टींच्या गर्दीत केलेली सही. म्हणून आता फोटोचा वेगळा अर्धा कागद केलाय, त्यात वर्गाचा ग्रुप, शाळेचं पेज, छापील अंक असे वेगवेगळे रकाने, आणि वर्गशिक्षकाच्या यादीत प्रत्येकापुढे हो किंवा नाही. रिकामं असेल तर ते नाहीच धरायचं. यावर एका सरांची भांडायची तयारी होती, की रिकामं म्हणजे हरकत नाही असं धरू, नाहीतर स्नेहसंमेलनाचे फोटो टाकायचे कसे. पण ज्या पालकांना वाचता येत नाही किंवा जे मीटिंगला येऊच शकत नाहीत त्यांचेच कागद रिकामे राहतात, तेव्हा ते धरून चालणार नव्हतं.

आता मुख्य भाग, म्हणजे काय आपोआप आणि काय नाही. आम्ही शेवटी प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न लावला. हे लिहिल्यापासून ते जाईपर्यंत बाहेर काही बदललं, तर हे खोटं पडेल का, किंवा कुणाला लागेल का? हुतात्मा दिनाची पोस्ट घ्या. १२ जानेवारी १९३१ ला सोलापूरच्या चार हुतात्म्यांना फाशी झाली, ही तारीख काही बदलणार नाही, ती आधी लावून ठेवायला हरकत नाही. ३ जानेवारी सावित्रीबाई, १ मे, तसंच. मजकूर इतिहासाचे सर एकदा तपासतात आणि सही करतात, कारण इंटरनेटवरून उचललेल्या फोटोत भलताच माणूस निघायचे प्रकार झालेत आमच्याकडे. ही झाली पहिली जात.

दुसरी जात म्हणजे परीक्षेचं वेळापत्रक, पालक सभा, सहलीची आठवण, हादगा सुद्धा. यात मशीनने ड्राफ्ट करून ठेवावा, दिवस आला की आठवण करावी, पण पाठवायचं बटण त्याच दिवशी माणसाने दाबायचं. थोडक्यात "उद्या" हा शब्द ज्या पोस्टमध्ये आहे ती कधीच आपोआप जाणार नाही. हा नियम इतका बाळबोध आहे की लिहायला लाज वाटली, पण शिपाई काकांपासून संस्थेच्या अध्यक्षांपर्यंत सगळ्यांना पाठ आहे तो हाच.

तिसरी जात, जिथे आपोआप काही नाहीच. सुट्टी, अपघात, आजार, निधन, फी, तक्रारीला उत्तर, आणि मुलाचा चेहरा असलेला कुठलाही फोटो. व्हॉट्सॅपचं ग्रीटिंग आम्ही पूर्ण काढलं नाही, कारण मेसेज पोचल्याची पोच तरी मिळावी. पण आता त्यात एवढंच आहे, "हा मेसेज आपोआप आलेला आहे. तुमचा प्रश्न अजून कुणी वाचलेला नाही. शाळा आहे की नाही हे वर्गशिक्षकांच्या ग्रुपवर बघा, किंवा ऑफिसला फोन करा." वेळ नाही, वार नाही. पर्यवेक्षक मॅडम म्हणाल्या फार रुक्ष वाटतं, मी म्हटलं रुक्षच राहू दे.

मंजुरीवरनं मात्र महिनाभर घोळ चालला. सरांचं म्हणणं, पेजवर जाईल ती प्रत्येक ओळ मी बघणार. ठीक आहे, नोव्हेंबरात तसं केलं. दिवसाला तीन-चार ड्राफ्ट त्यांच्या व्हॉट्सॅपवर, त्यात शालार्थची कामं, यू-डायसची माहिती, शिक्षणाधिकारी कार्यालयाच्या बैठका. सर अंगठा पाठवायचे, आम्ही टाकायचो. मला शंका आली म्हणून एकदा मुद्दाम पालक सभेच्या ड्राफ्टमध्ये तारीख लिहिली ३१ नोव्हेंबर. दोन मिनिटांत अंगठा आला. मी स्क्रीनशॉट दाखवला, सर आधी चिडले, मग हसले, मग म्हणाले बरं, मला फक्त तिसऱ्या जातीचं पाठवा. आठवड्याला एखाद-दुसरं येतं, आणि ते आता खरंच वाचतात, परवा तर अनुस्वाराची चूक काढून ड्राफ्ट परत पाठवला.

दुसरी जात पर्यवेक्षक मॅडमकडे, तिसरीतले फोटो तेवढे वर्गशिक्षकाकडे, पहिली त्या त्या विषयाच्या शिक्षकाकडे. कागदावर नावं नाहीत, पदं आहेत, आणि प्रत्येक पदापुढे ते रजेवर असतील तर कोण. मंजुरी आलीच नाही तर काय, यावर पण चर्चा झाली. काहींचं म्हणणं संध्याकाळी ६ पर्यंत उत्तर नाही आलं तर मंजूर समजावं, नाहीतर कामं अडतील. नाही. उत्तर नाही म्हणजे जायचं नाही. शाळेची पोस्ट एक दिवस उशिरा गेली तर कुणाचं काय अडतंय, सांगा मला.

आणि मंजुरी लागते ती सोडायला. थांबवायला कुणाचीही मंजुरी नको, हे मी हट्टाने घालून घेतलं. मी, पर्यवेक्षक मॅडम आणि क्लार्क मामा, तिघांपैकी कुणीही, कधीही, कारण न सांगता सगळं थांबवू शकतं. परत सुरू करायला मात्र सरांची परवानगी. पेजचा पूर्ण ताबा आता दोघांकडे आहे, सरांकडे आणि माझ्याकडे. मॅडम आणि मामांना पोस्ट काढण्या-घालण्यापुरता. ओटीपी येतो तो शाळेच्या सिमवर, आणि त्या सिमचा रिचार्ज संपू न देणं हे मामांच्या कामात लिहून टाकलंय, हसू नका, ते सिम एकदा बंद पडलेलं.

बाहेरचं टूल सोडून दिलं, आता फक्त मेटाचाच प्लॅनर. त्यात एक अडचण कळली, सगळं एकदम थांबवायचं एकच बटण मला तरी सापडलं नाही. शेड्यूल केलेली एक एक पोस्ट उघडून ड्राफ्टमध्ये टाकायची नाहीतर उडवायची. मी स्वतः मोबाईलवर करून बघितलं, एका पोस्टला सावकाश पाऊण ते एक मिनिट, नेट चांगलं असेल तर. म्हणजे रांगेत वीस पोस्ट असतील तर पंधरा ते वीस मिनिटं, आणि तेवढ्यात काहीही जाऊ शकतं. म्हणून धोरणात आकडा आला: रांगेत एका वेळी जास्तीत जास्त पाच पोस्ट. प्लॅनर त्याहून जास्त पण घेतो, घेऊ दे, आम्ही पाचच ठेवतो. सांस्कृतिक विभागाच्या बाई अजून नाराज आहेत माझ्यावर, त्यांना अख्खा महिना भरून मोकळं व्हायची सवय.

सगळं मिळून दीड पान झालं. डिसेंबरच्या स्टाफ मीटिंगमध्ये वाचलं, सह्या झाल्या. १२ जानेवारीची हुतात्म्यांची पोस्ट सकाळी आपोआप गेली, बरोबर गेली. गड्ड्याच्या यात्रेची सुट्टी हाताने टाकली, सरांचा अंगठा नाही, चक्क "वाचलं, ठीक" असं उत्तर.

यात्रा संपल्यावर एक दिवस तालीम घेतली. शनिवारी दुपारी ऑफिसात जाऊन मामांना म्हटलं, मामा, समजा आत्ता काहीतरी वाईट झालंय, थांबवा सगळं. मी मोबाईलवर वेळ लावली. मामांनी कपाट उघडलं, आत दाराला चिकटवलेला कागद वाचला, चष्मा शोधला (तोच एक मिनिट गेला), प्लॅनर उघडला आणि एक एक करत पाचही पोस्ट ड्राफ्टमध्ये टाकल्या. ४ मिनिटं ५० सेकंद. मामा खुश, "जमतंय की वो मॅडम, एवढं काय त्यात."

मी माझ्या मोबाईलवर बघितलं. फेसबुकच्या पाचही ड्राफ्टमध्ये गेल्या होत्या. इन्स्टाच्या दोन तशाच रांगेत उभ्या. कागदावर इन्स्टाचं लिहायलाच मी विसरले होते. मामांनी खिशातलं निळं पेन दिलं, आणि कपाटाच्या दाराशी उभं राहूनच ती ओळ खाली हाताने लिहिली.